उजनीत पाणी ७७ टक्के की ४९?

उजनी धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातला जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा. धरणात ९० टीएमसी पाणी असेल, तर एकूण साठा ७७ टक्के भरतो, उपयुक्त साठा मात्र ४९ टक्केच. अहवालात आधी ‘उपयुक्त साठा’, पुढे ‘जिवंत साठा’ आणि मग नुसताच ‘साठा’ आला, तर वाचक कोणती टक्केवारी धरणार? एकच शब्द कंटाळवाणा वाटतो, हा आक्षेप ललित लेखनात ठीक. इथे शब्द बदलला की राशीच बदलली असे वाटते. एककाचेही तसेच. अभियंत्यांना टीएमसी ठाऊक असतो, तो उलगडून सांगायला नको, हे खरे. पण त्यांच्याच तक्त्यांत दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर, असते आणि एका टीएमसीत सुमारे २८.३ दलघमी मावतात.