प्रत्येक ग्राहकाची शेवटची तारीख: MAXIFS नेमकं काय सांगतं आणि काय सांगत नाही

आज आपण एकच प्रश्न घेणार आहोत. दुकानाच्या उधारीच्या वहीत शेकडो नोंदी आहेत, एकेका ग्राहकाच्या पाच-दहा तरी आहेत. त्यातून प्रत्येकाची सर्वांत अलीकडची तारीख कशी काढायची? हा प्रश्न बहुतेक वेळा वसुलीच्या वेळी येतो, म्हणजे उत्तर चुकलं तर कालच पैसे भरून गेलेल्या माणसाला आपण तगाद्याचा फोन करतो. म्हणून सूत्र तर बघूच, पण ते कुठे फसवतं यावर आज जास्त वेळ देऊ.

उदाहरणासाठी आठ ओळींची छोटी वही घेऊ. पहिली ओळ मथळ्याची, नोंदी दुसऱ्या ओळीपासून.

```
     A            B     C      D
2  05-04-2024   101   उधार   4200
3  18-04-2024   102   उधार   1500
4  02-05-2024   101   जमा    2000
5  11-05-2024   103   उधार   3600
6  07-06-2024   102   जमा    1500
7  20-06-2024   101   उधार   2750
8  25-06-2024   102   उधार    900
9  13-07-2024   101   जमा    3000
```

शेजारी F2 पासून खाली 101, 102, 103 असे खातेक्रमांक लिहू. नावाऐवजी क्रमांक अशासाठी, की एकाच नावाचे दोन ग्राहक असतात आणि नावापुढे चुकून पडलेली मोकळी जागा डोळ्यांना दिसत नाही, पण एक्सेलला ते नाव वेगळं वाटतं.

आता कुणी म्हणेल, XLOOKUP का नको? कारण ते नेहमीच्या वापरात पहिली जुळणारी ओळ देतं. 101 साठी ते 05-04-2024 सांगेल, म्हणजे सर्वांत जुनी तारीख. त्याला खालून वर शोधायला सांगता येतं, पण मग ते वहीतली शेवटची ओळ देतं. एखादी जुनी पावती नंतर नोंदवली असेल, तर शेवटची ओळ आणि शेवटची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी होतात. MAXIFS ओळींचा क्रम बघतच नाही.

```
=MAXIFS($A$2:$A$9,$B$2:$B$9,F2)
```

वाचायचं असं: A मधली सर्वांत मोठी किंमत दे, पण फक्त त्या ओळींतली जिथे B मध्ये F2 चा क्रमांक आहे. एक्सेलसाठी तारीख हा एक आकडा असतो. 1 जानेवारी 1900 म्हणजे 1, तिथून एकेक दिवस वाढत 13 जुलै 2024 म्हणजे 45486. म्हणून 'अलीकडची' म्हणजे 'मोठी'. उत्तरात असा पाच अंकी आकडा दिसला तर घाबरायचं नाही, त्या चौकटीला तारखेचं स्वरूप द्यायचं. डॉलरची चिन्हं मात्र विसरायची नाहीत. ती नसली तर सूत्र खाली ओढताना पल्लाही खाली सरकतो आणि वरच्या नोंदी गुपचूप सुटतात.

उत्तरं येतात: 101 ला 13 जुलै, 102 ला 25 जून, 103 ला 11 मे. पण 102 ची 25 जूनची नोंद उधारीची आहे. वसुलीसाठी आपल्याला शेवटचा भरणा हवा. म्हणून दुसरी अट जोडू.

```
=MAXIFS($A$2:$A$9,$B$2:$B$9,F2,$C$2:$C$9,"जमा")
```

आता 102 ला 7 जून येतं, आणि 103 ला येतं 00-01-1900. ही तारीख म्हणजे शून्य. अट पूर्ण करणारी एकही ओळ सापडली नाही की MAXIFS चूक दाखवत नाही, शून्य देतं. 103 ने एकदाही पैसे भरलेले नाहीत, म्हणजे आपल्याला सर्वांत जास्त गरज ज्याची, तोच असा विचित्र दिसतो. पुढे 31 जुलै 2024 पासून दिवस मोजले तर त्याचे 45504 दिवस येतील. म्हणून आधी मोजून घ्यायचं:

```
=IF(COUNTIFS($B$2:$B$9,F2,$C$2:$C$9,"जमा")=0,
"भरणा नाही",
MAXIFS($A$2:$A$9,$B$2:$B$9,F2,$C$2:$C$9,"जमा"))
```

आता खरा धोका. ही वही बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून CSV म्हणून आली आणि संगणकाची मांडणी अमेरिकन, म्हणजे आधी महिना मग दिवस, अशी असली तर काय होतं? 13-07-2024 मध्ये तेरावा महिना नसतो, म्हणून एक्सेल ते नुसता मजकूर म्हणून ठेवतं, आणि मजकूर MAXIFS मोजत नाही. 20-06 चंही तेच. उलट 05-04 ही 5 एप्रिल न राहता 4 मे होते, आणि 02-05 ही 5 फेब्रुवारी. मग 101 ची शेवटची तारीख येते 4 मे 2024. त्या दिवशी त्या खात्यावर काहीच घडलेलं नाही! शिवाय अमेरिकन पद्धतीने ती 5/4/2024 अशी दिसते, म्हणून आपल्याला ती वहीतली पहिलीच नोंद वाटते. कुठेही लाल खूण नाही, सूत्रही बरोबर.

हे ओळखायला दोन चाचण्या पुरतात. `=COUNT(A2:A9)` फक्त आकडे मोजतं. ते 8 यायला हवं, या बिघडलेल्या वहीत 4 येईल. पण सगळ्या तारखा बाराच्या आतल्या असतील तर ही चाचणी पास होते. म्हणून `=MAX(A2:A9)` पण बघायचं. इथे 11-05 ची 5 नोव्हेंबर झालेली असते, म्हणजे जुलैच्या वहीत नोव्हेंबर. उपाय म्हणून एकेक तारीख हाताने दुरुस्त करत बसू नये. विंडोजची प्रादेशिक मांडणी English (India) करायची आणि मूळ फाइल पुन्हा उघडायची.

एक प्रश्न आला आहे की आमच्याकडे `#NAME?` दिसतं. MAXIFS एक्सेल 2019 पासून आणि मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये आहे, गूगल शीट्समध्येही आहे. त्याआधीच्या एक्सेलमध्ये हे लिहा आणि Ctrl+Shift+Enter दाबा:

```
=MAX(IF($B$2:$B$9=F2,$A$2:$A$9))
```

शेवटी, या तारखांवरून फोन कुणाला करायचा? 31 जुलैला 101 च्या भरण्याला 18 दिवस झाले, 102 च्या भरण्याला 54. फक्त दिवस बघितले तर 102 मागे पडलेला वाटतो. पण त्याने 7 जूनला सगळं खातं मिटवलं होतं. त्याची बाकी फक्त 900 रुपये, तीही 25 जूनची, म्हणजे 36 दिवसांची. 103 ची मात्र 3600 ची बाकी 81 दिवस जुनी आहे आणि भरणा एकही नाही. म्हणून MAXIFS च्या तारखेशेजारी SUMIFS ने काढलेली बाकी ठेवा, आणि मगच यादी लावा. पहिला फोन 103 ला.