कुरळ्या बटा सरळ करताना

खांद्यापर्यंतचे कुरळे केस पार्लरमध्ये सरळ केले की ते छातीपर्यंत उतरतात, कारण वेटोळ्यांत दडलेली लांबी मोकळी होते. फोटोत केस सरळ करणारा नवशिका नेमकं हेच विसरतो. बटा सरळ होतात, लांबी तीच राहते आणि टोप घातल्यासारखं दिसतं.

फोटोशॉपमधलं Liquify उघडून बटा ओढल्या की काम झालं, असंही वाटतं. होत नाही. कुरळ्या केसांत प्रत्येक वळणाच्या फुगवट्यावर चमक असते, आतल्या बाजूला सावली. बट ओढली की हे ठिपकेही ताणले जातात आणि केसांऐवजी ओला दोरखंड दिसू लागतो. सरळ केसांवरची चमक वेगळी असते: डोक्याच्या गोलाईवर, केसांना आडवा जाणारा जवळजवळ सलग पट्टा. म्हणून Liquify बाह्याकारापुरतं; आतले केस बहुतांशी नव्याने रंगवावे लागतात.

समजा, डावीकडच्या खिडकीचा उजेड, मागे फिकट भिंत आणि अंगात हळदी रंगाची साधी कुर्ती आहे. केसांचा घेर कमी झाला की मागची भिंत आणि मान उघडी पडते. ती आधी वेगळ्या लेअरवर भरून घ्यायची. मग मूळ केसांतूनच गडद, मध्यम आणि फिकट अशा तीन छटा उचलायच्या. आधी रुंद बटा, मग बारीक केस. केस भांगातून निघून किंचित वर उठतो, कवटीच्या वळणाने कानाकडे जातो आणि तिथून खाली सुटतो. तो उठाव ठेवला नाही, तर केस तेल चोपडल्यासारखे चपटे बसतात. 3000 पिक्सेल उंच फोटोत बारीक केसांना दोन-तीन पिक्सेलचा ब्रश पुरतो. काही केस एकमेकांना ओलांडून जाऊ द्यावेत. सगळे समांतर काढले तर कंगव्याचे दाते वाटतात.

खरी फजिती खांद्यावर होते. कुरळ्या केसांची पसरट, भोकाभोकांची सावली कुर्तीवर तशीच उरते. क्लोन स्टॅम्पने स्वच्छ कापड आणून ती आधी पुसायची, कापडाची वीण आणि चुण्या न मोडता. नवी सावली Multiply लेअरवर, दोन थरांत. केस कापडाला टेकतात तिथे अरुंद आणि गडद; गळ्याच्या खळगीपाशी केस अधांतरी असतात, तिथे रुंद आणि मऊ. उजेड डावीकडून, म्हणून सावली बटेच्या उजवीकडे. रंग काळा नव्हे, हळदीचाच गडद तपकिरी. काळ्याने कुर्ती मळकी दिसते.

चूक शोधायला फोटो आडवा उलटवून अगदी लहान करून पाहावा. बटा चिकटवल्यासारख्या वाटल्या, तर बहुधा टेकणाऱ्या जागेची गडद रेघ राहिलेली असते.

साध्या कापडावर हे निभतं. खांद्यावर जरीची वेलबुट्टी असेल, तर केसांखाली दडलेली नक्षी अंदाजाने काढणं फार क्वचित जमतं. त्याच बैठकीत केस वर बांधून काढलेला एखादा फोटो असेल, तर खांदा सरळ त्यातूनच उचलावा.