गच्चीवरील टाकी आणि पंपघर : आकारमानाचा हिशेब

मुंबई-हावडा लोहमार्गावर दुर्ग सोडल्यानंतर भिलाई नगर आणि त्यापाठोपाठ भिलाई पावर हाउस ही स्थानके लागतात. या दुसऱ्या स्थानकाच्या परिसराला सारे भिलाई ‘पावर हाउस’ याच नावाने ओळखते. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत एक-दोन मजली घरे अधिक आहेत. पावर हाउससारख्या बाजारपेठेच्या भागात मात्र सदनिकांच्या इमारती उभ्या राहतात. अशा इमारतीत नळाचे पाणी ठरावीक वेळीच येते आणि लागते मात्र दिवसभर. या दोहोंमधील अंतर टाक्या आणि पंप भरून काढतात. त्यांचे आकारमान अंदाजाने ठरवले, तर त्याचा त्रास रहिवाशांना पुढे अनेक वर्षे भोगावा लागतो. म्हणून हा हिशेब सदनिका घेणाऱ्यालाही समजलेला बरा.

उदाहरणादाखल पावर हाउस भागातील एक इमारत कल्पनेत घेऊ. खाली वाहनतळ, त्यावर चार मजले, प्रत्येक मजल्यावर चार सदनिका. एकूण 16 सदनिका आणि प्रत्येकीत सरासरी पाच माणसे धरल्यास रहिवासी 80 होतात. शहरी घरगुती वापरासाठी माणशी दररोज 135 लिटर हे प्रमाण आपल्याकडे रूढ आहे. त्यानुसार दैनंदिन गरज 10,800 लिटर येते.

अनेक नकाशांत हिशेब येथेच थांबतो. परंतु भिलाईचा उन्हाळा कडक असतो आणि घरोघरी वाळ्याचे कूलर चालतात. प्रत्येक सदनिकेत दोन कूलर आणि प्रत्येकाला दिवसाकाठी 50 लिटर पाणी धरले, तरी 1,600 लिटरची भर पडते. गरज 12,400 लिटरवर जाते. सोयीसाठी ती 12,500 लिटर धरू. टाकीचा हिशेब वर्षाच्या सरासरीवर न करता सर्वाधिक वापराच्या महिन्यांवर करावा, तो यासाठीच.

आता हे पाणी साठवायचे कोठे? ‘गच्चीवर जेवढी मोठी टाकी, तेवढी निश्चिंती’ असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात नळ बंद असतानाच्या काळाची तरतूद जमिनीखालच्या टाकीने करावयाची असते. गच्चीवरील टाकीचे काम सकाळची गर्दी आणि वीज गेल्यावरचे काही तास निभावून नेणे एवढेच आहे. दिवसातून दोन वेळा पंप चालवायचा असेल, तर गच्चीवर निम्म्या दिवसाचे, म्हणजे 6,250 लिटर पाणी पुरेसे होते. सकाळच्या तीन तासांत दिवसभराच्या पाण्यापैकी 40 टक्के खर्च झाले असे मानले, तरी 5,000 लिटर लागतात. नेमकी त्याच वेळी वीज गेली, तरी भरलेली टाकी ही वेळ निभावून नेते.

ही टाकी दोन कप्प्यांची असावी. प्रत्येक कप्पा आतून 2.1 मीटर लांब, 1.5 मीटर रुंद आणि पाण्याची खोली 1 मीटर ठेवल्यास दोन्हींत मिळून 6,300 लिटर पाणी मावते. पाण्याच्या वर 30 सेंटिमीटर मोकळी जागा सोडावी. तेथून ओसंडवाहिनी निघते. एक कप्पा धुण्यासाठी रिकामा केला, तरी दुसरा चालू राहतो.

गच्चीवर याहून मोठी टाकी का नको, याचे उत्तर वजनात आहे. 6,300 लिटर पाणी म्हणजे 6.3 टन. शिवाय 15 सेंटिमीटर जाडीच्या भिंती, तळ आणि झाकण धरून या टाकीचे काँक्रीटच 11 ते 12 टन भरते. सुमारे 18 टनांचा हा भार खांबांवरच उतरला पाहिजे. म्हणून टाकी बहुधा जिन्याच्या खांबांवर घेतात. इमारत पूर्ण झाल्यावर गच्चीच्या मध्यभागी आणखी एक टाकी बसवणे म्हणूनच धोक्याचे ठरते. तळाला किंवा खालच्या छताला तडे दिसू लागल्यास संरचना अभियंत्याला दाखवण्यास विलंब करू नये.

जमिनीखालची टाकी दीड दिवसाच्या गरजेची, म्हणजे 18,750 लिटरची धरावी. 3.5 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 1.8 मीटर पाण्याची खोली एवढ्या मापात 18,900 लिटर सामावतात. एखाद्या दिवशी नळाला पाणी आले नाही, तरी वरचे व खालचे मिळून सुमारे दोन दिवस निघतात. अग्निशमनासाठी पाणी राखणे बंधनकारक असेल, तर ते या हिशेबाव्यतिरिक्त धरावे.

पंपाची निवड याच आकड्यांवरून होते. गच्चीवरील टाकी एका तासात भरायची, तर मिनिटाला 105 लिटर पाणी चढले पाहिजे. गच्ची जमिनीपासून 15 मीटरवर, टाकीतील पाण्याचे तोंड तिच्याहून 3 मीटर वर आणि खालच्या टाकीचा तळ जमिनीखाली 2.5 मीटर मानल्यास प्रत्यक्ष चढ 20.5 मीटर होतो. नळ, वळणे आणि झडपा यांतील घर्षण मिळवून तो 25 मीटर धरावा. एवढ्या कामाला साधारण दीड अश्वशक्तीचा पंप लागतो. मात्र खरेदी करताना केवळ अश्वशक्ती न विचारता ‘25 मीटर उंचीवर मिनिटाला किती लिटर?’ असे विचारावे. समान अश्वशक्तीचे दोन पंप या प्रश्नाला अगदी वेगळी उत्तरे देतात.

पंप दोन बसवावेत : एक चालू, दुसरा राखीव. पंपघराचे माप त्यावरूनच निघते. प्रत्येक पंपाचा चौथरा 60 सेंटिमीटर लांब आणि 40 सेंटिमीटर रुंद असतो असे धरू. दोन चौथऱ्यांच्या मध्ये आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींपाशी 70 सेंटिमीटर जागा सोडली, की खोलीची लांबी सुमारे 3 मीटर होते. मागे नळ व झडपांसाठी 70 सेंटिमीटर आणि पुढे विजेच्या फलकासमोर उभे राहण्यास 1 मीटर सोडल्यास रुंदी 2.3 मीटर येते, ती 2.4 धरावी. चौथरा जमिनीपासून 15 सेंटिमीटर उंच असावा आणि सांडलेले पाणी वाहून जाण्यास मोरी असावी. अनेक ठिकाणी जिन्याखालच्या कपाटवजा जागेत पंप बसवलेले दिसतात. तेथे पान्हा फिरवायलाही जागा नसते; त्यामुळे दुरुस्ती लांबते आणि इमारत दोन-दोन दिवस कोरडी राहते.

इमारत जुनी असल्यास हिशेब पडताळून पाहणे सोपे आहे. वरील टाकीत पाण्याची पातळी 10 सेंटिमीटरने उतरली, म्हणजे 630 लिटर पाणी गेले. सकाळी सहाला पंप बंद करून पातळी नोंदवावी आणि नऊ वाजता पुन्हा मोजावी. खरा वापर समोर येतो. हीच नोंद मध्यरात्रीपासून पहाटे चारपर्यंत घ्यावी. त्या वेळी वापर जवळजवळ नसतो. तरीही पातळी 5 सेंटिमीटरने उतरली, तर 300 लिटरहून अधिक पाणी कोठेतरी गळत आहे. अशा वेळी मोठी टाकी बांधण्यापूर्वी फ्लशच्या टाक्या आणि झडपा तपासाव्यात. एका पाटी-पेन्सिलीचे हे काम अनेकदा 18 टनांचे ओझे वाचवते.