नोंदी जागेवर, तरी अहवालात गायब

डेटा एका डेटाबेसमधून दुसऱ्यात हलवला की शेवटी ताळा घ्यावाच लागतो. जुन्याकडची प्रत्येक नोंद नव्याकडे पोचली का, हे तपासणारा प्रोग्रॅम रात्री चालवतात आणि सकाळी अहवाल पाहतात. समजा, डेटा मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधून पोस्टग्रेसमध्ये हलवला आहे. अहवाल सांगतो की हजारो ग्राहक नव्याकडे नाहीत आणि जवळपास तेवढेच ग्राहक नव्याकडे जास्तीचे आहेत. टेबल उघडून कोड शोधावा, तर ग्राहक दोन्हीकडे हजर. अशा वेळी डेटावर संशय घेण्याआधी कोलेशन बघावं.

कोलेशन म्हणजे अक्षरांची तुलना कशी करायची, याचा डेटाबेसने पाळलेला नियम. कोणतं अक्षर आधी, कोणतं नंतर आणि कोणती दोन अक्षरं एकच मानायची, हे त्यातून ठरतं. अमेरिकी इंग्रजीच्या मांडणीवर बसवलेल्या एसक्यूएल सर्व्हरचं नेहमीचं कोलेशन `SQL_Latin1_General_CP1_CI_AS` असतं. त्यातलं `CI` सांगतं की कॅपिटल आणि स्मॉल यांत भेद करायचा नाही. पोस्टग्रेसचा डेटाबेस `C` कोलेशनवर असेल, तर तो अक्षराचा अर्थ बघत नाही, फक्त त्याचा अंक बघतो. कॅपिटल `A` चा अंक 65, `Z` चा 90 आणि स्मॉल `a` चा 97. त्यामुळे सगळी कॅपिटल अक्षरं आधी येतात आणि स्मॉल नंतर.

हा फरक ताळ्यात घोळ कसा करतो, ते कळायला तपासणीची रीत बघायला हवी. टेबलात कोट्यवधी ओळी असतील, तर प्रत्येक कोड दुसरीकडे वेगळा शोधणं परवडत नाही. म्हणून दोन्हीकडून कोड क्रमाने लावून मागवतात आणि शेजारी दोन रजिस्टरं ठेवून कारकून टिक करत खाली जातो, तसा प्रोग्रॅम दोन याद्या एकदम वाचत जातो. दोन्हीकडे तोच कोड दिसला, तर जुळला, दोन्ही बोटं पुढे. वेगळे दिसले, तर क्रमाने लहान असलेला कोड समोरच्या यादीत नाही असं धरायचं आणि तेवढंच बोट पुढे सरकवायचं. ही रीत वेगवान आहे, पण दोन्ही याद्या एकाच क्रमाने लागल्या आहेत, या एकाच गृहीतावर ती उभी आहे.

फक्त चार ग्राहक घेऊ: `a101`, `B102`, `c103`, `D104`. एसक्यूएल सर्व्हर ते याच क्रमाने देतो. `C` कोलेशनचं पोस्टग्रेस देतं `B102`, `D104`, `a101`, `c103`. तपासणारा प्रोग्रॅम स्वतः अंकांनुसार तुलना करतो, असं धरू. डावीकडे `a101`, उजवीकडे `B102`. अंकांनुसार `B102` लहान, म्हणून शेरा पडतो: नव्याकडे जास्तीचा. पुढे `D104`, तोही लहान, तोही जास्तीचा. मग `a101` समोर `a101` येतो आणि जुळतो. आता डावीकडे `B102` आणि उजवीकडे `c103`; डावा लहान, म्हणून `B102` नव्याकडे नाही. `c103` जुळतो. उजवी यादी संपली आणि डावीकडे `D104` उरला, म्हणून तोही नव्याकडे नाही. चार ओळींच्या टेबलात चार तफावती लागल्या आणि खरी एकही नाही.

या अहवालातच दुखण्याची खूण आहे. `B102` आणि `D104` हे ‘नाहीत’ या यादीतही आहेत आणि ‘जास्तीचे’ या यादीतही. एकच कोड दोन्हीकडे असणं खऱ्या तफावतीत शक्य नाही. म्हणून या दोन याद्या आधी एकमेकींशी जुळवून बघाव्यात आणि दोन्हीकडची एकूण ओळींची संख्या ताडून पाहावी. बहुतेक खोट्या तफावती इथेच गळून पडतात.

उपाय असा की क्रम डेटाबेसच्या मर्जीवर सोडायचा नाही, दोन्हीकडे तो स्वतः सांगायचा:

```sql
-- एसक्यूएल सर्व्हर
SELECT code FROM customer
ORDER BY code COLLATE Latin1_General_BIN2;

-- पोस्टग्रेस
SELECT code FROM customer
ORDER BY code COLLATE "C";
```

इंग्रजी अक्षरं आणि आकडे असलेल्या कोडसाठी हे दोन्ही क्रम सारखे येतात. किंमत मात्र मोजावी लागते. टेबलाचा इंडेक्स जुन्या कोलेशनने बांधलेला असल्यामुळे या क्रमासाठी तो उपयोगी पडत नाही आणि डेटाबेसला सगळ्या ओळी नव्याने लावाव्या लागतात. मोठ्या टेबलावर हे काम कामकाजाच्या वेळेत करू नये.

दोन्हीकडे पोस्टग्रेसच असलं, तरी निर्धास्त राहता येत नाही. पोस्टग्रेस बरेचदा क्रमाचे नियम ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतं. लिनक्सच्या `glibc` या मूळ लायब्ररीने 2018 मध्ये 2.28 या आवृत्तीत ते नियम बदलले. `en_US.UTF-8` या एकाच नावाखाली आधी `11` मग `1-1` असा क्रम येत असे, तो उलटा झाला. कोडमध्ये आडवी रेघ असेल, तर जुन्या आणि नव्या लिनक्सवरचे दोन सारखेच डेटाबेस वेगळे क्रम देऊ शकतात.

क्रम सुटला, तरी समानतेचा प्रश्न राहतोच, आणि मला तो जास्त अवघड वाटतो. जुन्याकडे `ab12` आणि नव्याकडे `AB12` असेल, तर ही तफावत म्हणायची का? एसक्यूएल सर्व्हरच्या लेखी दोन्ही एकच होते, पोस्टग्रेसच्या लेखी दोन वेगळे आहेत. सर्वात ठळक उदाहरण जीयूआयडी या लांबलचक ओळख-क्रमांकाचं. एसक्यूएल सर्व्हर तो कॅपिटल अक्षरांत दाखवतो, पोस्टग्रेस स्मॉलमध्ये. मजकूर म्हणून तुलना केली, तर जवळजवळ एकही नोंद जुळणार नाही. टेबलाच्या सगळ्याच ओळी तफावतीत आल्या, तर डेटा हरवल्याची शक्यता कमी आणि लिहिण्याच्या पद्धतीत फरक असण्याची जास्त.

मग सगळंच `lower()` करून टाकण्याचा मोह होतो. जीयूआयडीसाठी ते ठीक आहे, कारण तिथे अक्षराच्या आकाराला अर्थच नाही. पण यूट्यूबच्या व्हिडिओचा अकरा अक्षरांचा क्रमांक घ्या. त्यात एक अक्षर कॅपिटलचं स्मॉल केलं, तर तो त्या व्हिडिओचा क्रमांक राहत नाही. असे क्रमांक स्मॉल करून जुळवले, तर खोटी तफावत जाईल, पण खरी तफावतही झाकली जाईल, आणि ते जास्त वाईट. म्हणून आधी भेद पाळणाऱ्या डेटाबेसवर एवढं विचारून घ्यावं:

```sql
SELECT lower(code), count(*)
FROM customer
GROUP BY lower(code)
HAVING count(*) > 1;
```

एकही ओळ आली नाही, तर स्मॉल केल्याने दोन नोंदी एकमेकींवर आदळत नाहीत, एवढी खात्री होते. ओळी आल्या, तर निर्णय डेटा वापरणाऱ्या माणसाकडे न्यायचा, प्रोग्रॅमरने एकट्याने घ्यायचा नाही.

मराठी मजकुरात कॅपिटल-स्मॉल नाही, पण हा प्रश्न सुटत नाही. कऱ्हाड हे नाव `ऱ` या स्वतंत्र अक्षराने टाइप करता येतं, किंवा साधा `र`, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण यूटीएफ-8 मध्ये पहिलं 18 बाइटचं आणि दुसरं 21 बाइटचं. युनिकोडच्या क्रमनियमांत त्या जोडचिन्हाला वजन नाही आणि नुक्त्याचा फरक दुय्यम पातळीवर मोजला जातो. त्यामुळे सैल कोलेशन दोन्हींना एक मानू शकतं. पोस्टग्रेसचं नेहमीचं कोलेशन मात्र बाइट वेगळे दिसले की ती वेगळी ठरवतं. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. `octet_length(gaon)` विचारलं की लगेच दिसतो. म्हणून गावांच्या याद्या जुळवताना नावावर विसंबू नये, जनगणनेच्या ग्राम-संकेतांकावर जुळवावं आणि नाव नंतर, माणसाने वाचण्यापुरतं ताडून पाहावं.