पेज, ओआरएस आणि कॅलेंडरवरच्या रेघा

रात्रीचे साडेअकरा. राजापूरजवळच्या एका वाडीत ओटीवरचा दिवा लागतो, मागोमाग न्हाणीघरातला. मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याहून आलेला साडेतीन वर्षांचा नातू तिसऱ्यांदा उठलाय. दुपारी फणसाचे गरे झाले होते, संध्याकाळी बाजारात बर्फाचा गोळा. आता पाण्यासारखे जुलाब होतायत आणि पोट धरून रडणं चाललंय. सूनबाई मोबाइलवर काहीतरी शोधतायत, मुलगा पुण्यातल्या डॉक्टरांचा नंबर. आजी स्वयंपाकघरात जाते, गॅसवर पातेलं चढवते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने तीन उभ्या रेघा ओढते.

उभी रेघ म्हणजे जुलाब. उलटी झाली तर फुली. लघवी झाली तर गोल. अंगणवाडीत वीसेक वर्षं मदतनीस म्हणून काम केलेल्या या आजीची ही जुनी सवय. घरातले तिला हसतात. पण पुढचे चोवीस तास या घरात जे जे ठरलं, ते त्या चौकोनाकडे बघूनच ठरलं.

पातेल्यात पेज होत होती. मूठभर उकडा तांदूळ, त्याच्या सातआठ पट पाणी, शितं फुटून पाणी दाटसर होईपर्यंत उकळायचं आणि मग मीठ. लिटरभर पेजेला सपाट अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये, हे आजीचं माप. कोकणात आजारी माणसाला पेज देतात ती ‘हलकी’ म्हणून. पण जुलाबात तिचं खरं काम वेगळं आहे. आतड्याच्या अस्तराला एक दार असतं, त्यातून साखर आणि मीठ जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. जंतूंनी आतडं बिघडवलं तरी हे दार बहुतेक वेळा चालू राहतं. तांदळाच्या पिठूळपणातून थोडी थोडी साखर सुटत राहते, मीठ आपण घातलेलंच असतं, आणि पेजेतलं पाणी शरीरात शिरतं. बिनमिठाची पेज दिली तर यातली अर्धी जोडी गायब.

याच दारावर ओआरएस उभं आहे. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि खायचा सोडा यांचं पाणी पिंपात कालवून लोकांना पाजायला सांगितलं. रुग्णांच्या नातेवाईकांनीच ते पेल्यापेल्याने पाजलं. छावणीतला मृत्युदर तीस टक्क्यांच्या आसपास होता, तो चार टक्क्यांच्या खाली आला. आपल्या आज्यांची पेज आणि बनगावचं पिंप यांच्यात फरक आहे तो मुख्यतः मापाचा.

आणि माप चुकतंच. त्या रात्रीही चुकलं.

आशाताईंनी दिलेलं ओआरएसचं पाकीट घरात होतं. मुलाने ते फोडून अर्धं एका पेल्यात ओतलं, उरलेलं कागदाची घडी घालून ठेवलं. ‘लवकर ताकद येऊ दे’ हा हेतू. आजीने पेला तोंडाशी लावून चव घेतली आणि सरळ मोरीत ओतला. “अरे, हे अख्खं पाकीट लिटरभर पाण्यातच घालायचं. असं दाट पाजलंस तर पोटातलं पाणी आणखी बाहेर येईल.” तिचं म्हणणं शब्दशः खरं आहे. साखर-मीठ प्रमाणाबाहेर गेलं की आतड्यात पाणी उलटं ओढलं जातं, जुलाब वाढतात आणि रक्तातलं मीठही धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. बाजारात लहान पेल्यापुरती पाकिटंही मिळतात, म्हणून किती पाण्यात घालायचं ते पाकिटावर वाचूनच कालवावं. कालवलेलं पाणी चोवीस तासांनी टाकून द्यावं. पाकीट नसेलच, तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दुकानात ओआरएस म्हणून विकली जाणारी गोड, रंगीत पेयं हा आणखी एक सापळा होता. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली, ती यासाठीच.

किती द्यायचं? दोन वर्षांच्या वरच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर अर्धा ते एक कप, त्याहून लहानाला पाव ते अर्धा कप. आजीने नवीन लिटरभर पाणी कालवलं आणि एका रेघेला एक वाटी असा हिशेब लावला.

आता आजीचा बटवा. ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून तिने नातवाच्या पोटावर फिरवली, बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावलं. उबेने मुरडा थोडा सैल पडतो, पोरगं निवांत होतं. जुलाब मात्र त्याने थांबत नाहीत, आणि थांबतील असं आजीही म्हणाली नाही. मग शेजारच्या काकू जायफळ आणि सहाण घेऊन आल्या. “चांगलं उगाळून चाटव गो, बघ कसा गप झोपतो.”

आजीने जायफळ ठेवून घेतलं, उगाळलं नाही. बाळगुटीत जायफळाचे एकदोन वेढे देणारी ती स्वतःच. पण जायफळ जास्त झालं की गुंगी येते, आणि जुलाब झालेलं मूल गुंगलं तर ते औषधाने झोपलंय की पाणी कमी झाल्यामुळे मलूल पडलंय, हे ओळखणार कसं? ज्या खुणेवर लक्ष ठेवायचं तीच खूण पुसली जाते. मुंबईच्या गिरणगावात एकेकाळी कामावर जाणाऱ्या आया मुलांना अफूची बाळागोळी देत. अफूने आतडं मंदावतं, जुलाब दिसेनासे होतात आणि मूलही शांत निजतं. आत काय चाललंय ते कळायचा रस्ता त्या शांततेने बंद होतो. मोठ्यांसाठीची जुलाब थांबवणारी गोळी तोडून लहान मुलाला देण्यातही हाच धोका आहे.

सकाळपर्यंत पाच रेघा, दोन गोल. नातू खेळत नव्हता, पण टीव्हीवरचं कार्टून मागत होता. नाश्त्याला मऊभात, वर थोडं ताक. सूनबाईंना वाटत होतं, पोट रिकामं ठेवलेलं बरं. आजीने ऐकलं नाही. उपाशी ठेवून आतड्याला आराम मिळतो हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. खाणाऱ्या मुलाचं आतडं लवकर भरून येतं, आणि अंगावर पिणारं बाळ असेल तर दूध थांबवायचा प्रश्नच नसतो.

दुपारी दोननंतर चौकोनातलं चित्र बदललं. रेघा आठ झाल्या, त्यात तीन फुल्या आल्या. आजीने उलटीनंतर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याने सुरुवात केली, दोनतीन मिनिटांनी एक चमचा. पेल्याने घटाघटा पाजलं असतं तर ते तसंच बाहेर आलं असतं. थोडं पोटात राहत होतं. पण दोनच्या आधीचा एक गोल सोडला, तर पुढे गोलच नव्हता. संध्याकाळ झाली, साडेआठ वाजले.

“सकाळी जाऊ,” मुलगा म्हणाला. “झोपला तर बरं वाटेल त्याला.”

“शेवटची लघवी कधी झाली ते बघ.”

साडेसहा तास. आजीने नातवाचा सदरा वर केला. बेंबी आणि कूस यांच्या मधोमध पोटाची कातडी दोन बोटांनी उभी चिमटीत धरली आणि सोडली. एरवी ती पटकन जागेवर बसते. आज घडी क्षणभर तशीच दिसली, मग हळूच मिटली. तो रडत होता पण डोळ्यांत पाणी नव्हतं. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. पेला दिसला की मात्र हावऱ्यासारखा ओढत होता. ती हावच आजीला पटली नाही.

शौचात रक्त असतं, उलटी हिरवी झाली असती, पोट फुगून ताठ झालं असतं किंवा मूल पाणी पिईनासं होऊन मलूल पडलं असतं, तर तिने साडेआठही वाजू दिले नसते. सरळ 108 ला फोन केला असता. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असतं तर पहिल्या दिवशीच डॉक्टर.

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी वजन केलं, चौदा किलो भरलं. मुलाने घाईघाईने विचारलं, “सलाईन लावताय ना?” डॉक्टर म्हणाले, अजून तरी नाही, तो पितोय. शरीरातलं पाणी कमी झालेल्या, पण शुद्धीत असलेल्या मुलाला किलोमागे पंचाहत्तर मिलिलिटर ओआरएस चार तासांत द्यायचं असतं. चौदा किलोला साधारण एक लिटर, म्हणजे बरोब्बर एक पाकीट. सलाईन लागते ती मूल गुंगलं, पिईनासं झालं किंवा चिमटीतली कातडी दोन सेकंदांतही जागेवर बसली नाही तर. शौचात रक्त नव्हतं, म्हणून अँटिबायोटिकही नाही.

“आजी, घरी काय काय दिलंत?” डॉक्टरांनी विचारलं. आजीने पिशवीतून कॅलेंडरचं पान काढलं. आख्खा मे महिना तिने फाडून आणला होता. डॉक्टरांनी रेघा मोजल्या, फुल्या मोजल्या, शेवटच्या गोलावर बोट ठेवलं आणि नर्सबाईंना चमचा-वाटी आणायला सांगितलं.

साडेबाराच्या सुमाराला वाटीतलं पाणी संपत आलं. नातवाने डासाच्या चाव्यावरून भोकाड पसरलं तेव्हा गालावर ओघळ दिसले, आणि थोड्या वेळाने त्याची चड्डी ओली झाली. आजीने पर्समधून पेन्सिल काढून गोल काढला. आणखी काही तास नजरेखाली ठेवून पहाटे त्यांना घरी सोडलं, झिंकच्या गोळ्या देऊन. रोज एक, वीस मिलिग्रॅमची, चमचाभर पाण्यात विरघळवून, चौदा दिवस. झिंकने आतड्याचं अस्तर लवकर भरतं आणि पुढचे काही महिने असा आजार पुन्हा होण्याची शक्यता घटते. पण तिसऱ्या दिवशी पोरगं अंगणात हुंदडायला लागलं की घरचे ती गोळी विसरतात.

या घरात तसं झालं नाही. नातू पुण्याला परतला तेव्हा गोळ्या आठ उरल्या होत्या. रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला राजापूरहून फोन येतो. सूनबाई “हो आई, दिली” म्हणतात, आणि आजी जूनच्या पानावर एक टिंब देते.