आधी पाठवा, मग मिळेल

लंडनमधील एका वकिलाच्या नावाने ई-मेल येतो. आपल्याच आडनावाचे एक गृहस्थ अपघातात मरण पावले, त्यांना वारस नाही, बँकेत ४० लाख पौंड पडून आहेत. आपण वारस म्हणून पुढे आलात तर रक्कम निम्मी-निम्मी वाटून घेऊ. मात्र ही गोष्ट कोणाजवळही बोलू नये, अशी विनंती शेवटी असते.

हे पत्र नवे नाही. एकोणिसाव्या शतकात स्पेनच्या तुरुंगात अडकलेल्या धनिकाच्या सुटकेसाठी पैसे मागणारी अशीच पत्रे युरोपात व अमेरिकेत येत असत. सोडवणाऱ्यास दडवलेल्या धनातील वाटा मिळेल, असे त्यांत आश्वासन असे. टपाल गेले, ई-मेल आला. मजकुराचा गाभा तोच राहिला.

अशी पत्रे इतकी अविश्वसनीय का असतात? मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये याचे मार्मिक उत्तर दिले. पत्र लाखो लोकांना पाठवण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. खरा वेळ जातो तो उत्तर देणाऱ्याशी महिनोन्‌महिने बोलण्यात. म्हणून संशयी माणूस पहिल्याच ओळीत गळून पडावा, हेच ठकाच्या सोयीचे असते. जो उत्तर देतो, तो आशेच्या चाळणीतून आधीच निवडला गेलेला असतो.

पुढचा प्रवास एका कल्पित उदाहरणाने पाहू. एका कापड व्यापाऱ्याने या पत्रास उत्तर दिले. शिक्क्यांची कागदपत्रे आली आणि त्यांमागून ‘वारस प्रमाणपत्रा’साठी १८,५०० रुपयांची मागणी. ४० कोटींहून अधिक रकमेपुढे साडेअठरा हजार म्हणजे काय? त्यांनी पाठवले. पंधरा दिवसांनी बँकेच्या मंजुरीसाठी ६२,००० लागले, नंतर करापोटी १,४०,०००. या तिन्ही रकमा भरण्यामागील कारण मात्र एक नव्हते. पहिली रक्कम त्यांनी मिळकतीच्या आशेने दिली. दुसरी व तिसरी, आधी गेलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून. जो व्यापारी पेढीवर बुडीत उधारी वेळीच बुडीत लिहितो, तोच येथे २,२०,५०० रुपये घालवून बसला. कारण बुडीत लिहायचे म्हणजे आशाही सोडायची, आणि घरच्यांसमोर चूक कबूल करायची. पत्रातील गुप्ततेची अट याचसाठी होती.

वास्तविक दोन गोष्टी ठाऊक असत्या तर पहिलाच हप्ता वाचला असता. एक, समान आडनावाने कोणी वारस होत नाही. इंग्लंडमध्ये बेवारस मिळकत राजसत्तेकडे जमा होते. अशा मिळकतीवर हक्क सांगणाऱ्यास प्रत्यक्ष नाते कागदोपत्री सिद्ध करावे लागते. दुसरी गोष्ट व्यापाऱ्यास सहज कळणारी आहे. ज्याला देणे द्यायचे आहे, तो खर्च देण्यातूनच वजा करतो. आपल्याकडील लॉटरीचे मोठे बक्षीसही कर कापूनच विजेत्याच्या हाती येते. मिळणाऱ्या रकमेतून शुल्क वळते करून घ्या, असे लिहून पाहण्याचा मोह होईल. पण ठकाकडे त्यालाही उत्तर तयार असते. परदेशी लॉटरीत भाग घेण्यासाठी पैसे पाठवणे तर आपल्या परकीय चलन कायद्यानेच निषिद्ध आहे, आणि रिझर्व्ह बँक कोणा व्यक्तीचे बक्षीस आपल्याकडे ठेवत नाही.

म्हणून योग्य उत्तर म्हणजे मौन. रागाचे किंवा थट्टेचे उत्तरही देऊ नये. पत्ता वापरात आहे, एवढे त्यातून कळते आणि पत्रे वाढतात. ई-मेल ‘स्पॅम’ म्हणून नोंदवावा. पॅन कार्डाची प्रत किंवा रद्द केलेला धनादेश मुळीच पाठवू नये. पैसे न मागता ‘आपल्या खात्यातून रक्कम फिरवू द्या’ असे कोणी म्हटले, तर धोका अधिकच. दुसऱ्या फसलेल्याचा पैसा आपल्या खात्यात येतो आणि चौकशीत खाते गोठते.

पैसे गेलेच असतील, तर त्याच क्षणी आपल्या बँकेस कळवून १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि cybercrime.gov.in येथे तक्रार नोंदवावी. सर्व संदेश व पावत्या जपून ठेवाव्यात. काही दिवसांनी ‘गेलेली रक्कम परत मिळवून देतो’ म्हणणारा एखादा अधिकारी फोन करील आणि त्यासाठी थोडे शुल्क मागेल. तो बहुधा त्याच टोळीतला असतो, आणि विकत असतो तीच आशा.

घरातील वडीलधाऱ्यांनी असा व्यवहार लपवला असल्याचे लक्षात आले, तर प्रथम दोष देऊ नये. बोलण्याची लाज जितकी लांबेल, तितके हप्ते वाढतात.