३१ मे आणि निरोपाचा मजकूर

महाराष्ट्रातल्या शाळांच्या स्टाफरूममध्ये ३१ मे या तारखेला वेगळंच वजन आहे. एका पिढीच्या असंख्य मुलांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना १ जून अशी लिहिली गेली. त्यांतली जी मुलं पुढे शिक्षक झाली, ती वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेल्याची सेवा आदल्या महिन्याच्या अखेरीस संपते, त्यामुळे निवृत्तीचा दिवस ३१ मे हा येतो. तेव्हा शाळा बंद असते, कोणी गावी तर कोणी लग्नात. शाल-श्रीफळाचा कार्यक्रम सुट्टीआधी उरकलेला असतो. प्रत्यक्ष निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांपर्यंत पोहोचतो तो फक्त व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकलेला निरोपाचा मजकूर.

आणि तो बहुधा फार लांब असतो. व्हॉट्सअ‍ॅप लांबलचक मजकूर काही ओळींनंतर दुमडतो, पुढचं वाचायला बोटाने उघडावं लागतं. नेमकं त्या दुमडलेल्या भागात खरं आभाराचं वाक्य दडलेलं असेल, तर ते अनेकांच्या नजरेलाच पडत नाही. वर ‘खूप छान, मॅडम’ म्हणून हात जोडल्याची चित्रं येतात, पण ज्याच्यासाठी ते वाक्य लिहिलं, त्याला ते कळलेलंच नसतं. हे खरोखर वाईट आहे, कारण ती संधी पुन्हा येत नाही.

नमुन्यादाखल माध्यमिक शाळेतल्या मराठीच्या एका शिक्षिकेचा मजकूर डोळ्यांसमोर आणू. साधारण सहाशे शब्द. सुरुवात गावापासून, मग डी.एड., बी.एड., पहिली नेमणूक, वरिष्ठ वेतनश्रेणी, प्रशिक्षणं. त्यानंतर मुख्याध्यापकांपासून शिपाईकाकांपर्यंत पदांची यादी. मग ऑनलाइन माहिती भरण्याच्या कामांबद्दलचा वैताग, नव्या शिक्षकांना उपदेश, क्षमायाचना आणि एक कविता. आभार सगळीकडे शिंपडलेले आहेत, पण ते सगळे या छापाचे:

‘या प्रदीर्घ वाटचालीत मला सर्वांचे मोलाचे सहकार्य लाभले. २००९ साली सासूबाई आजारी होत्या, तेव्हा माझी फार ओढाताण झाली, दवाखाना, घर, दहावीचा वर्ग, पेपर तपासणी, सगळं एकदम आलं, पण सर्वांनी सांभाळून घेतले.’

हा मजकूर ज्या तरुण सहकाऱ्याकडे ‘बघ रे जरा, मोठं झालंय’ म्हणून येतो, त्याचा हात पहिल्यांदा सासूबाईंच्या वाक्याकडे जातो. घरगुती आहे, पसरट आहे, काढून टाकू. इथेच चूक होते. अख्ख्या मजकुरात प्रत्यक्ष काहीतरी घडलेलं सांगणारी तीच तर एक जागा आहे. खोडायचं असेल तर ‘मोलाचे सहकार्य लाभले’ हे खोडावं, कारण ते वाक्य कुठल्याही शाळेतल्या कुठल्याही निवृत्तीला चालतं.

काटछाटीची खरी सुरुवात म्हणून मजकूर कागदावर उतरवून घ्यावा आणि ज्या वाक्यात एखादा सहकारी काहीतरी करतो आहे, त्याच वाक्याखाली रेघ ओढावी. ‘मी शिकवले’, ‘मी रुजू झाले’, ‘मला लाभले’ यांखाली रेघ नाही. सहाशे शब्दांत अशी दोन-तीनच वाक्यं सापडतात, आणि त्यांतही ‘सर्वांनी सांभाळून घेतले’ यासारखी माणसं धूसर करणारी. मग लिहिणाऱ्या मॅडमना विचारायचं: सर्वांनी म्हणजे कोणी? काय केलं नेमकं?

उत्तर लगेच येतं. भूगोलाच्या सरांनी दोन महिने त्यांचा पहिला तास घेतला. ऑफिसातल्या लिपिकांनी रजेचा अर्ज स्वतः तयार करून फक्त सहीसाठी समोर धरला. हे लिहिताना मॅडमना सुचलं नव्हतं असं नाही; ते इतकं मनात बसलेलं होतं की सगळ्यांना माहीत आहे असंच त्यांना वाटत होतं. म्हणजे कापता कापता इथे मजकूर उलट वाढतो, आणि तो वाढू द्यावा.

जागा दुसरीकडून काढायची. नोकरीचा इतिहास जातो, कारण सहकाऱ्यांना तो ठाऊक आहे आणि सेवापुस्तकात तो नोंदलेलाही आहे. उपदेश जातो. ऑनलाइन कामांचा वैताग कितीही रास्त असला तरी जातो, कारण वाचणारे तेच काम अजून करत आहेत आणि निरोप घेणाऱ्याच्या तोंडून त्यांना ते ऐकायचं नसतं. कविता आवडीची असेल तर समारंभात म्हणावी.

पदांची यादी काढायला मात्र लोक घाबरतात. कोणाचं नाव राहिलं तर? भीती खरी आहे, पण यादीने ती मिटत नाही, कारण यादी जितकी लांब तितकं एखादं राहिलेलं नाव जास्त बोचतं. त्यापेक्षा गटावरच्या मजकुरात दोन-तीन प्रसंग आणि सगळ्यांना उद्देशून एक मोकळं वाक्य ठेवावं. बाकीच्यांना चार-चार ओळी स्वतंत्र पाठवाव्यात. क्षमायाचनेचंही तसंच. ‘कळत-नकळत कोणाला दुखावले असल्यास’ हे सगळ्यांना उद्देशून असल्यामुळे कोणालाच पोहोचत नाही. मनात एखादी खरी व्यक्ती असेल तर तिला फोन करावा.

एवढं झाल्यावर उरतं ते असं:

‘आज माझी सेवा संपली. तुमच्यातल्या दोघांचं एक देणं आहे, ते सांगितल्याशिवाय जाववत नाही, बरं का. २००९ मध्ये सासूबाई दवाखान्यात होत्या. भूगोलाच्या सरांनी दोन महिने माझा पहिला तास घेतला आणि एकदाही त्याची आठवण करून दिली नाही. आपल्या ऑफिसने रजेचा अर्ज लिहून आणला, मला फक्त सही करायची होती. त्या वर्षी माझा दहावीचा वर्ग सुटला नाही, तो तुमच्यामुळे. बाकी सगळ्यांनी मधल्या सुट्टीत मला कधी एकटीने डबा खाऊ दिला नाही. जूनमध्ये शाळा भरेल तेव्हा मला चुकल्यासारखं होईल. तुम्हा सगळ्यांची मी मनापासून आभारी आहे.’

सत्तर-ऐंशी शब्दांच्या या मजकुरात ‘बरं का’ मुद्दाम ठेवलं आहे. ते मॅडमच्या बोलण्यातलं आहे. ते काढलं तर वाचणाऱ्याला हा मजकूर दुसऱ्या कोणी लिहून दिला असं लगेच जाणवतं, आणि कापणाऱ्याचा हात जास्त चालला आहे हे ओळखायची हीच खूण. वाक्य कितीही नीटनेटकं झालं तरी ते मोठ्याने वाचून पाहावं. मॅडम असं बोलतील का, हा प्रश्न स्टाफरूममधल्या कोणालाही विचारला तर उत्तर पटकन मिळतं.

पाठवण्याआधी मजकुरात ज्यांचा प्रसंग आहे त्यांना तो दाखवायलाच हवा. घरातलं आजारपण, रजा, पैशांची मदत या गोष्टी गटावर याव्यात असं मदत करणाऱ्याला वाटेलच असं नाही. तपशीलही तपासला जातो: तास दोन महिने घेतला होता की तीन, वर्ष २००९ होतं की २०१०. सर नको म्हणाले तर तो प्रसंग मजकुरातून काढून त्यांना वेगळ्या पत्रात लिहावा, आणि गटासाठी दुसरा शोधावा. एकतीस वर्षांच्या नोकरीत तो सापडतोच, फक्त त्यासाठी मे महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत थांबू नये. एप्रिलमध्ये निकालाचं काम संपलं की लिहायला बसावं, म्हणजे विचारायला माणसं अजून स्टाफरूममध्ये समोर असतात.